पुढे पहारा, मागे बोळ

पलायनाचा किंवा दरोड्याचा प्रसंग पडद्यावर चालू असताना प्रेक्षकाच्या मनात चार प्रश्न फिरत असतात. माणूस आत्ता कुठे आहे, पकडणारा कुठे आहे, पुढची जागा कोणती, आणि बाहेर पडायला अजून किती उरले. यांपैकी एकाचे उत्तर हातून सुटले की भीती ओसरते. अंधारात कुणीतरी कुठल्यातरी भिंतीवरून उडी मारतो, संगीत चढत जाते, आणि प्रेक्षक शेजारच्याला विचारतो, "हा आत गेला की बाहेर आला?" असा प्रश्न पडला की त्या क्षणापुरता चित्रपट थांबलेला असतो. दोष सहसा कॅमेरामनच्या किंवा संकलकाच्या माथी मारला जातो, पण बहुतेक वेळा तो पटकथेतूनच आलेला असतो. लिहिणाऱ्याच्या डोक्यात इमारत उभी असते आणि कागदावर मात्र फक्त माणसांच्या हालचाली उतरलेल्या असतात.

इमारत कागदावर उतरवायची कशी, हे समजून घ्यायला अल्कट्राझच्या पलायनाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या या बेटावरच्या तुरुंगातून ११ जून १९६२ च्या रात्री फ्रँक मॉरिस आणि जॉन व क्लॅरेन्स अँग्लिन हे दोघे भाऊ निसटले. चौथा साथीदार अॅलन वेस्ट मागे राहिला. मार्च १९६३ मध्ये तुरुंग बंद झाला, आणि १९७९ साली डॉन सीगल यांनी क्लिंट ईस्टवुडला मॉरिसच्या भूमिकेत घेऊन 'एस्केप फ्रॉम अल्कट्राझ' हा चित्रपट त्याच बेटावर चित्रित केला. मूळ घटना आणि चित्रपट शेजारी ठेवले की वाट किती गुंतागुंतीची होती आणि ती प्रेक्षकाला किती सोपी वाटते, हे दोन्ही दिसते.

खरी वाट अशी होती. कोठडी साधारण पाच फूट रुंद आणि नऊ फूट लांब. तिच्या मागच्या भिंतीत खाली हवा येण्यासाठी एक लहानशी जाळी. तिच्याभोवतीचे काँक्रीट कैद्यांनी चमचे आणि घरगुती हत्यारांनी कोरून काढले आणि भोक दिसू नये म्हणून तिथे पुठ्ठ्याची रंगवलेली जाळी लावली. भिंतीमागे कोठड्यांच्या रांगेच्या पाठीशी एक अरुंद बोळ होती, पाण्याचे नळ आणि वायरी नेण्यासाठी ठेवलेली. तिथे पहारा नसे. नळांना धरून वर चढले की कोठड्यांच्या रांगेच्या माथ्यावर येता येई. तिथे कैद्यांनी चोरून आपला कारखानाच थाटला होता. पावसाळी कोटांचा तराफा आणि तरंगण्याची जाकिटे तिथेच तयार झाली. त्याच्याही वर छतात हवा जाण्याचा एक मार्ग होता. त्याचे झाकण मोकळे करून ते जागच्या जागी राहावे म्हणून साबणाचा खोटा बोल्ट बसवला होता. तिथून छपरावर, छप्पर ओलांडून बेकरीच्या धुराड्यावरून खाली, मग कुंपण, आणि शेवटी बेटाचा ईशान्य किनारा.

मोजले तर आठ जागा होतात. आठ जागा प्रेक्षकाच्या लक्षात राहत नाहीत, आणि राहाव्यात अशी अपेक्षाही ठेवू नये. लिहिणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ही वाट थोड्या शब्दांत बसवणे, आणि ते शब्द जागांच्या नावांपेक्षा दिशांचे असलेले बरे. अल्कट्राझची वाट 'मागे, वर, पलीकडे, खाली' या चार शब्दांत बसते. कोठडीच्या मागे, नळांवरून वर, छपरावरून पलीकडे, धुराड्यावरून खाली. कुंपण आणि किनारा 'खाली'च्या पुढचा प्रवास म्हणून आपोआप येतात. चित्रपटगृहातून बाहेर पडलेल्या माणसाला वाट विचारली तर तो हातवारे करून हेच सांगेल, आणि हातवाऱ्यांत न मावणारी वाट पडद्यावरही मावत नाही. एखाद्या पटकथेत माणूस आधी डावीकडे, मग खाली, मग परत डावीकडे आणि मग वर जात असेल, तर लेखकाने त्यातली दोन वळणे कापावीत. खऱ्या इमारतीत ती असली तरी कापावीत.

यानंतरचा प्रश्न कुठले चित्र काढायचे याचा. इमारतीचा नकाशा म्हटला की वरून पाहिल्यासारखे चित्र डोळ्यांसमोर येते. खोल्या चौकोनांनी, दारे फटींनी दाखवलेली. बँकेच्या हॉलमध्ये पाच माणसे पाच दिशांना उभी करायची असतील तर ते चित्र बरोबर. पण ज्या वाटेत मजले ओलांडायचे असतात तिथे असा नकाशा फसवतो, कारण त्यात कोठडी, माथा आणि छप्पर एकावर एक येऊन एकच चौकोन होतो. अशा वेळी वास्तुविशारद काढतात तसा छेद काढावा लागतो, म्हणजे इमारत सुरीने उभी कापून बाजूने पाहिल्यासारखे चित्र. अल्कट्राझच्या छेदात डावीकडे गज आणि पहारेकऱ्यांची वाट, मधे कोठड्यांचे तीन मजले, उजवीकडे उभी अरुंद बोळ, वर माथा आणि त्याच्यावर छप्पर. हे पाच-सहा रेघांत काढता येते, आणि एकदा काढले की प्रसंगाचा खरा आधार दिसतो. तुरुंगाला इथे पुढची बाजू आहे आणि पाठ आहे. पुढे पहारा, मागे बोळ. माणूस या दोन्हींच्या मधोमध एका खाटेवर झोपलेला.

पुढची बाजू धोक्याची आणि पाठ सुटकेची, असे ठरले की अनेक निर्णय आपोआप होतात. साबण, कागद आणि सिमेंट यांची खोटी मुंडकी या कैद्यांनी बनवली होती आणि त्यांना न्हाव्याच्या दुकानातून आणलेले खरे केस लावले होते. ते मुंडके म्हणजे याच अक्षावरचा ठोकळा आहे. त्याचे तोंड पुढच्या बाजूला आणि ज्याच्या नावाचे ते आहे तो माणूस पाठीमागे. पहारेकरी गजांपाशी येऊन थांबला की प्रेक्षकाला एकाच वेळी दोन जागा दिसतात, डोळ्यांसमोरची आणि भिंतीमागची. भिंतीमागचे काही दाखवावे लागत नाही. ते आधीच शिकवून झालेले असते.

शिकवण्याचे हे काम सर्वांत जास्त बिघडते. नवखा लेखक पलायनाच्या आदल्या रात्री चौघांना टेबलाभोवती बसवतो आणि एकाच्या तोंडून सगळी वाट वदवून घेतो. "आपण इथून निघायचं, मग तिसऱ्या दारातून उजवीकडे, तिथे दोन पहारेकरी असतात..." ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि दहा मिनिटांनी त्यातले काहीही आठवत नाही. कानाने ऐकलेला नकाशा टिकत नाही. पायाखालून गेलेली वाट टिकते. मॉरिसची बोळ प्रेक्षकाला पलायनाच्या रात्री पहिल्यांदा भेटत नाही. त्याआधी काँक्रीट कोरणे, भोकातून डोके बाहेर काढणे, बोळ पाहणे, नळांवरून चढणे, माथ्यावर काम करणे, हे सगळे वेगवेगळ्या रात्री झालेले असते. दर खेपेला वाट थोडी पुढे सरकते आणि आधीचा भाग थोडक्यात उरकला जातो. पहिल्या खेपेला भोकातून खांदे कसे काढायचे हे पूर्ण पाहावे लागते. दुसऱ्यांदा माणूस थेट बोळीत उभा दिसला तरी चालते. शेवटच्या रात्री मोकळे झालेले भोक नुसते दिसले तरी तो कुठे गेला हे समजते.

'पहिली खेप पूर्ण, दुसरी अर्धी, तिसरी नुसती खूण' हा हिशेब कागदावर पानांच्या हिशेबाने करता येतो. एखाद्या जागेला पहिल्या भेटीत अर्धे पान दिले असेल, तर पलायनाच्या प्रसंगात तिला दोन ओळी पुरतात. उलट झाले, म्हणजे आधी दोन ओळी आणि ऐन धावपळीत अर्धे पान वर्णन, तर वाचणाऱ्याला लगेच कळते की इथे लेखकालाच वाट आता सापडते आहे. पॅरिसच्या ला सांते तुरुंगातून १९४७ साली झालेल्या पलायनाच्या प्रयत्नावर आधारलेला जॅक बेकर यांचा 'ल त्रू' (१९६०) या बाबतीत फार धीट आहे. कोठडीच्या जमिनीचे काँक्रीट फोडण्याचे काम त्यात मिनिटांमागून मिनिटे, जवळजवळ न तोडता दाखवले आहे. घाव बसतो, काही होत नाही, पुन्हा घाव बसतो. एवढे पाहिल्यावर पुढे दुसरी भिंत फोडायची वेळ आली की किती वेळ आणि किती आवाज लागेल हे प्रेक्षकाच्या हातांनाच माहीत असते.

दरोड्याच्या प्रसंगात हीच शिकवण तयारीच्या दृश्यांमधून येते. ज्युल्स दासँ यांच्या 'रिफिफी' (१९५५) या फ्रेंच चित्रपटात चार जण पॅरिसमधले एक जवाहिऱ्याचे दुकान लुटतात. सुमारे अर्ध्या तासाच्या त्या प्रसंगात एक शब्द बोलला जात नाही आणि संगीतही नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांनी या भागासाठी संगीत रचले होते आणि ते न वापरलेलेच बरे हे त्यांनाही पटले, असे सांगतात. शब्द आणि संगीत दोन्ही काढून टाकल्यावर सगळा भार जागेच्या समजुतीवर येतो, आणि तो पेलतो, कारण तयारी आधी झालेली आहे. दुकानाच्या रस्त्यावर कोण केव्हा ये-जा करतो याची पाहणी झालेली असते. दुकानात आहे तसाच धोक्याचा भोंगा मिळवून तो कसा वाजतो आणि कसा गप्प करता येतो, याचा प्रयोग झालेला असतो. उत्तर सापडते ते आग विझवण्याच्या नळकांड्यातल्या फेसात. त्यामुळे ऐन रात्री भोंग्याकडे फेस गेला की कुणालाही काही सांगावे लागत नाही.

'रिफिफी'चा छेद तर अल्कट्राझपेक्षाही सोपा आहे. वर घर, खाली दुकान, मधे एक जमीन. वरच्या घरातली ती जमीन, खालच्या दुकानाचे छत. दरोडेखोर जमिनीला लहान भोक पाडतात आणि त्यातून बंद छत्री खाली सोडून दुकानाच्या बाजूला उघडतात, म्हणजे चुन्याचे ढेपळे खाली न पडता छत्रीत गोळा होतात. पटकथेच्या दृष्टीने ती छत्री म्हणजे शुद्ध भूगोल आहे. छत्री उघडली की खाली किती पोकळी आहे, आवाज कुठे जाईल, धोका कोणत्या बाजूला आहे, हे सगळे एका वस्तूत दिसते. दोन जागांच्या सीमेवर अशी एखादी वस्तू ठेवता आली तर पानभर वर्णन वाचते. अल्कट्राझमध्ये ते काम पुठ्ठ्याची जाळी करते. ती जागेवर असली तर माणूस आत, काढलेली असली तर माणूस मागे.

आता पानावरच्या वाक्यांकडे येऊ. पटकथेत प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर आत की बाहेर, जागा कोणती आणि वेळ कोणती, एवढे लिहिलेले असते. जागेचे नाव इथे एकदा ठरले की शेवटपर्यंत तेच हवे. कोठडीमागच्या जागेला एका पानावर 'बोळ', दुसऱ्यावर 'नळांची खोली' आणि तिसऱ्यावर 'मागचा रस्ता' म्हटले, तर कलादिग्दर्शक तीन जागा बांधायच्या हिशेबाला लागतो. भाषेच्या तासाला शिकवलेली समानार्थी शब्दांची हौस इथे महागात पडते. 'नळांची बोळ' ठरले, मग शंभरव्या पानावरही 'नळांची बोळ'च.

मजकूर कसा फरक पाडतो हे एका नमुन्यावरून दिसेल. नमुना इथे समजावण्यासाठी रचलेला आहे, चित्रपटाच्या पटकथेतला नाही. आधी बिघडलेला मजकूर:

मॉरिस भोकातून बाहेर येतो. अंधार. तो वर चढू लागतो. पहारेकरी येतो. मॉरिस थांबतो. पहारेकरी निघून जातो. मॉरिस पुढे जातो.

यात व्याकरणाची चूक नाही आणि घटनाही स्पष्ट आहेत. तरी पहारेकरी बोळीत आला की कोठडीसमोर, तो मॉरिसला पाहू शकतो का, मॉरिस किती वर चढला होता, 'पुढे' म्हणजे कुठे, यातले काहीच कळत नाही. दिग्दर्शक स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवील, कलादिग्दर्शक वेगळे ठरवील. आता तोच क्षण जागेसकट:

आत. नळांची बोळ. रात्र.
मॉरिसचे खांदे भोकातून निघतात. भोकातून त्याच्याच कोठडीचा मिणमिणता उजेड बोळीत पडतो. पलीकडे, गजांच्या बाजूला, बुटांचा आवाज डावीकडून जवळ येतो. मॉरिस नळाला धरून वाकतो. भोकातून दिसते खाटेची कड, खाटेवरचे मुंडके, त्यापलीकडे गज, आणि गजांपलीकडे थांबलेले दोन बूट. बूट उजवीकडे निघून जातात. मॉरिस मान वर करतो. नळ तीन मजले वर काळोखात गेलेले. अगदी माथ्यावर एक करडा पट्टा.

कॅमेऱ्याची एकही सूचना न देता यात कॅमेरा बसलेला आहे. भोक, मुंडके, गज आणि बूट हे एकाच नजरेत, जवळून लांबच्या क्रमाने येतात, म्हणजे छेदाचीच आडवी रेघ. माणूस मान वर करतो तेव्हा छेदाची उभी रेघ दिसते. शेवटचा 'करडा पट्टा' पुढचा टप्पा दाखवतो, आणि किती उरले या चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'तीन मजले' या दोन शब्दांत मिळते. मजकूर आधीच्यापेक्षा लांब झाला हे खरे, आणि पटकथेत प्रत्येक ओळीला पैसे पडतात हेही खरे. म्हणूनच ही लांबी पहिल्या खेपेला खर्च करायची आणि पलायनाच्या रात्री वाचवायची.

नमुन्यात बूट डावीकडून येतात आणि उजवीकडे जातात, तेही उगाच नाही. दोन माणसांच्या किंवा दोन ठिकाणांच्या मधून एक काल्पनिक रेघ ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, असा चित्रीकरणात जुना दंडक आहे. रेघ ओलांडली की डावीकडे चाललेला माणूस पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे चाललेला दिसतो, आणि तो परत फिरला असे वाटते. पळणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा गैरसमज जीवघेणा ठरतो. लेखकाने कॅमेऱ्याची रेघ ओढायची नसते, पण कोणती दिशा सुटकेची हे तो ठरवू शकतो. स्टोरीबोर्ड काढणारा चित्रकार चौकटींमध्ये बाण काढतो, तेव्हा सुटकेचे सगळे बाण एकाच बाजूला दिसावेत. अल्कट्राझच्या वाटेत एक अवघड जागा छपरावर येते. तोपर्यंत 'वर' म्हणजे सुटका होती, तिथून पुढे 'खाली' म्हणजे सुटका. दिशा उलटते तिथे प्रेक्षकाला श्वास घ्यायला एक रुंद चौकट हवी. छप्पर, त्याच्या कडेला धुराडे, खाली कुंपण, त्यापलीकडे काळे पाणी. चित्रपटातल्या सगळ्या प्रसंगात अशा रुंद चौकटी दोन-तीनच लागतात आणि त्यांची जागा दिशा बदलते तिथेच असते. उरलेला प्रसंग हात, पाय आणि चेहऱ्यांच्या जवळच्या चौकटींत गेला तरी वाट चुकत नाही.

एकापेक्षा जास्त माणसे असली की अजून एक कागद लागतो. त्यावर उभे रकाने माणसांचे आणि आडव्या ओळी वेळेच्या. अल्कट्राझसाठी रकाने असे पडतील: मॉरिस, अँग्लिन बंधू, वेस्ट, आणि पहारेकरी. पहारेकऱ्याला स्वतःचा रकाना न देणे ही नेहमीची चूक. मग तो कथेला हवा तेव्हा उगवतो आणि नको तेव्हा नाहीसा होतो. प्रेक्षकाला तो रकाना दिसत नसला तरी पहारेकरी फेरीवर आहे की कथेच्या सोयीवर आहे, हे त्याला बरोबर कळते. प्रत्येक ओळीत प्रत्येक जण कुठल्या जागेत आहे एवढेच लिहायचे, काय करतो ते नाही. एखाद्या माणसाचा रकाना सलग तीन ओळी रिकामा राहिला तर प्रेक्षक त्याला विसरलेला असणार, आणि मग त्याला परत आणताना जागा नव्याने सांगावी लागेल.

वेस्टचा रकाना या कागदावरचा सर्वांत बोलका. बाकीचे तिघे 'मागे', मग 'वर', मग 'पलीकडे' जात राहतात आणि वेस्टच्या रकान्यात दर ओळीला तेच लिहिलेले: कोठडी. त्या रात्री त्याच्या भोकातली जाळीची चौकट वेळेत निघालीच नाही. चित्रपटात त्याचे नाव बदलून बट्स केले आहे आणि मागे राहण्याची कारणेही थोडी वेगळी आहेत, पण भूगोल तोच राहतो. इतरांचे अंतर त्याच्यापासून वाढत जाताना दिसते आणि कुणी एक शब्द बोलत नाही. वेस्टची अडचण कळायला स्पष्टीकरण लागत नाही, कारण भोक किती लहान आहे आणि ते कोरायला किती रात्री लागतात हे मॉरिसच्या भोकावरून आधीच कळलेले असते.

इथे अडथळे रचण्याचे एक सूत्र हाती लागते. प्रेक्षकाला नकाशा ठाऊक असतो तेव्हा संकट त्या नकाशातल्याच एखाद्या मापातून यावे. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) हा चित्रपट जर्मनीच्या स्टालाग लुफ्ट ३ या युद्धकैद्यांच्या छावणीतून मार्च १९४४ मध्ये झालेल्या पलायनावर आहे. तिथे खोदलेल्या भुयाराचे तोंड झाडीच्या अलीकडेच उघडले, हे खरेच घडलेले आहे. चित्रपटात तो क्षण एखाद्या तडाख्यासारखा बसतो, कारण भुयाराची लांबी, कुंपण आणि झाडी या तीन गोष्टी तोपर्यंत प्रेक्षकाच्या मनात एका सरळ रेषेत बसलेल्या असतात. रेषा थोडी आखूड पडली, एवढेच संकट. मग दोरीची खूण ठरते. बाहेर पडलेला माणूस झाडीतून दोरी ओढतो आणि आतला समजतो की पहारेकरी दूर गेला. दोरीसुद्धा छत्रीसारखीच दोन जागा बांधणारी वस्तू. याउलट, आयत्या वेळी अचानक कुत्रा भुंकला, दिवा लागला, कुणीतरी शिंकले, अशी संकटे कुठल्याही इमारतीत येऊ शकतात, म्हणून ती या इमारतीची वाटत नाहीत.

जिथे काही दाखवणेच शक्य नाही तिथे आवाज नकाशाचे काम करतो. रोबेर ब्रेसाँ यांचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) लिआँमधल्या माँलुक तुरुंगातून आंद्रे देविन्यी यांनी केलेल्या पलायनावर आहे. यशाची बातमी त्याच्या नावातच दिलेली आहे. त्यात बाहेरचे जग फारसे दिसतच नाही, ते ऐकू येते. जाणाऱ्या आगगाड्या, किल्ल्या, आणि शेवटच्या रात्री भिंतींमधल्या वाटेवर सायकलने फेऱ्या घालणाऱ्या पहारेकऱ्याच्या चाकाची कुरकुर. ती कुरकुर जवळ येते, दूर जाते, आणि त्या कमीजास्त होण्यातून भिंतीची लांबी मोजता येते. कागदावर याचा अर्थ असा की प्रत्येक जागेला एक स्वतःचा आवाज नेमून द्यावा आणि तो दुसऱ्या जागेला देऊ नये. नळांच्या बोळीत पाणी ठिबकत असेल, तर छपरावर ठिबकू नये.

काही वेळा लेखकाला प्रेक्षकापासून काहीतरी लपवायचेच असते. त्याबद्दल पटकथाकारांमध्ये एक जुना आडाखा आहे: बेत आधी पूर्ण सांगितला तर तो फसायला हवा, आणि बेत यशस्वी व्हायचा असेल तर तो पूर्ण सांगू नये. नाहीतर तीच गोष्ट दोनदा पाहावी लागते. पण बेत लपवणे आणि जागा लपवणे यांत फरक आहे, आणि अनेक पटकथा इथेच घसरतात. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) मध्ये अँडीने भिंत कोरली हे शेवटपर्यंत कळत नाही, पण ती भिंत आणि तिच्यावरचे नटीचे पोस्टर कित्येक दृश्यांत समोर असते. तुरुंगाधिकारी पोस्टरवर खडा फेकतो आणि तो कागद फाडून आत जातो, तेव्हा नवीन जागा उघडत नाही, जुनीच जागा मागून दिसते. 'ओशन्स इलेव्हन' (२००१) तर हा डाव उलटा खेळतो. तिथे तिजोरीची हुबेहूब नक्कल आधीच उभी राहिलेली दाखवली जाते, सराव करण्यासाठी म्हणून. शेवटी कळते की कसिनोच्या मालकाने पडद्यावर पाहिलेला दरोडा त्या नकलेतच चित्रित झालेला होता. जागा प्रेक्षकाला माहीत होती. तिचा उपयोग माहीत नव्हता. तेवढेच लपवलेले चालते.

सगळा प्रसंग लिहून झाला की त्याची परीक्षा सोपी आहे आणि थोडी अपमानास्पद. पटकथा पूर्वी न वाचलेल्या माणसाला प्रसंग एकदा वाचायला द्यायचा, पाने परत घ्यायची आणि कोरा कागद पुढे ठेवून म्हणायचे, "वाट काढून दाखवा." त्याला चित्रकला येण्याची गरज नाही. तो जिथे पेन उचलतो आणि थांबतो, तिथे पटकथेत भोक आहे. दोन जागा त्याने एकत्र काढल्या असतील तर त्या दोघींना वेगळी खूण दिलेली नाही. एकच जागा दोनदा काढली असेल तर तिला दोन नावे पडलेली असतात. त्याने पहारेकऱ्याला कागदावर कुठेच बसवले नाही, तर पहारेकरी लेखकाच्या सोयीने येतो-जातो आहे. वाटेची लांबी प्रमाणाबाहेर काढली असेल तर पानांचा हिशेब चुकला, कारण वाचणारा अंतर मैलांनी मोजत नाही, किती ओळी वाचल्या त्यावरून मोजतो. हीच चाचणी दोन-तीन जणांवर केली आणि तिघेही एकाच ठिकाणी अडखळले, तर तिथे समजावणारा संवाद घालण्याचा मोह होतो. तो टाळून आधीच्या एखाद्या शांत दृश्यात ती जागा एकदा दाखवणे जास्त उपयोगी पडते.

या कागदाला मर्यादाही आहे. खऱ्या जागेवर चित्रीकरण ठरले की दार उलट्या बाजूला उघडते, जिना अपेक्षेपेक्षा अरुंद निघतो, बोळीत कॅमेरा मावत नाही. अल्कट्राझसारखी खरी इमारत मिळाली तर तिच्या मापांचा फायदा होतो, पण तिच्या अडचणीही पदरात पडतात. सेट बांधायचा ठरला तर बोळ हवी तितकी रुंद करता येते, आणि मग ती अरुंद वाटत नाही. म्हणून जागा नक्की झाल्यावर छेदाचे चित्र पुन्हा काढतात, बाण पुन्हा तपासतात, आणि पटकथेतले 'डावीकडून' कुठे 'उजवीकडून' करावे लागेल याची यादी काढतात. एक शब्द बदलला तर त्याच्यामागे येणारे सगळे बूट, सगळे बाण आणि सगळे दिवेही बदलावे लागतात.